कुकर कोणाला आणि कधी मिळणार?

अर्ज लिहून देणं हे माझं रोजचं काम. रेशन कार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, जे पुढ्यात येईल ते. गेल्या वर्षी नवरात्रात हरसूलहून भाच्याचा फोन आला, "मामा, एक पोस्ट लिहून द्या. गेल्या खेपेला फार बोलणी खाल्ली." त्याचं भांड्यांचं छोटं दुकान आहे आणि दुकानाच्या नावाने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पान आहे. दिवाळीआधी तीन प्रेशर कुकर त्याला फुकट वाटायचे होते.

मी आधी त्याची जुनी पोस्ट मागितली. तिचा मजकूर असा: "मेगा गिव्हअवे! फॉलो करा, लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला शेअर करा. लकी विनरला कुकर! निकाल आठ दिवसांत. नियम व अटी लागू." नियम आणि अटी मात्र कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. भांडण तिथूनच पेटलं होतं.

दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून आम्ही एकेक शब्द तपासला. "आठ दिवसांत" म्हणजे कधी? आपण मराठी माणसं आठवड्यालाही आठ दिवस म्हणतो. शिवाय मोजायचं पोस्ट टाकल्यापासून की मुदत संपल्यापासून? "परवा निकाल" लिहिलं तर आणखी घोळ, कारण आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. "रात्री बारापर्यंत" हेही तसंच. पंधरा तारखेचे रात्री बारा म्हणजे पंधरा सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. म्हणून तारीख, वार आणि वेळ तिन्ही लिहायचं ठरलं. वार लिहिला की तारखेतली चूक तिथल्या तिथे सापडते. मुदत रात्री 9 ला संपवली, कारण तेव्हा दुकान उघडं असतं आणि शेवटच्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट भाचा स्वतः काढू शकतो.

मग पात्रता. गेल्या खेपेला चिठ्ठी निघाली ती छत्रपती संभाजीनगरच्या माणसाची. त्याने "हरसूल" वाचलं आणि आपलंच समजला, कारण तिथेही हरसूल आहे, मध्यवर्ती कारागृहाचं. कुकर पाठवायचा कोणी आणि खर्च कोणाचा, यात महिना गेला आणि शेवटी कुकर दुकानातच राहिला. म्हणून नव्या पोस्टमध्ये गावाचं नाव तालुक्यासकट लिहिलं. "हरसूल परिसर" हा शब्द काढला. ठाणापाडा परिसरात येतो का, जव्हारच्या बाजूचे पाडे येतात का, हे कोण ठरवणार? त्याऐवजी सोपी कसोटी ठेवली: जो दुकानात येऊन कुकर घेऊन जाऊ शकेल, तो कुठलाही असो, पात्र. पार्सलचा प्रश्नच मिटला. इथे एका पोस्टाखाली अनेक पाडे असतात, घरांना नंबर नसतात आणि "मु. पो." एकत्र लिहिलं की मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं हे लपून जातं. पाच लिटरचा कुकर त्या पत्त्यावर पाठवून त्याची वाट बघण्यापेक्षा गिऱ्हाईक दुकानात येणं बरं.

भाच्याच्या मनात आणखी एक होतं: पाचशेच्या खरेदीवर एक कूपन आणि कूपनांची सोडत. मी त्याला तिथेच थांबवलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये विक्री किंवा धंदा वाढवण्यासाठी घेतलेली सोडत, नशिबाचा खेळ, अगदी कौशल्याची स्पर्धासुद्धा अनुचित व्यापारी प्रथेत धरली आहे. सूट आहे ती फक्त नियमांनी मोकळ्या ठेवलेल्या प्रकारांना. कलम इतकं रुंद आहे की खरेदीशिवायची सोडतही त्यात ओढता येईल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. मोठं बक्षीस असेल तर आधी वकिलाला दाखवायचं. पण खरेदीशी जोडलेलं कूपन तर उघडच अडकतं, म्हणून ते गेलं. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते: बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं हीदेखील अनुचित प्रथा. निकाल रास्त वेळेत, जिथे योजना जाहीर केली तिथेच ठळक लावायचा. त्यामुळे "विजेत्याला मेसेज करू" एवढ्यावर भागत नाही.

टॅग आणि शेअरही काढलं. फेसबुकच्या नियमांत मित्रांना टॅग करायला किंवा स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावून अशी योजना चालवता येत नाही. शिवाय मोजणीचा घोळ. गेल्या खेपेला एका पोराने चाळीस कॉमेंट टाकल्या होत्या आणि चाळीस संधी मागत होता.

तीनदा खोडून जो मजकूर राहिला तो असा:

"आमच्या हरसूल (ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक) येथील दुकानातर्फे तीन जणांना प्रत्येकी एक 5 लिटरचा प्रेशर कुकर मोफत. काही विकत घ्यायची गरज नाही. वय 18 पूर्ण असलेली कोणीही व्यक्ती भाग घेऊ शकते. दुकानातले कामगार आणि आमच्या घरचे नाहीत. इन्स्टाग्रामवर या पोस्टखाली एक कॉमेंट करा. एका व्यक्तीची एकच नोंद धरू. सुरुवात सोमवार, 6 ऑक्टोबर 2025, सकाळी 10. शेवट बुधवार, 15 ऑक्टोबर, रात्री 9. शुक्रवार, 17 ऑक्टोबरला सायंकाळी 5 वाजता दुकानात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढू: तीन विजेते आणि तीन राखीव. नावं त्याच रात्री याच पानावर लावू. विजेत्याने शुक्रवार, 24 ऑक्टोबर, रात्री 9 पर्यंत कळवावं, नाहीतर राखीव नावाला संधी. कुकर रविवार, 30 नोव्हेंबरपर्यंत दुकानातून न्यावा. कुकरऐवजी रोख रक्कम नाही. आम्ही कोणाकडूनही पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणार नाही. या योजनेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही. भाग घेणारा त्यांना सर्व जबाबदारीतून मुक्त करतो."

शेवटचं वाक्य जड आहे, पण इन्स्टाग्राम ते मागतं. पैशांचं वाक्य मी आग्रहाने घातलं. अशी योजना जाहीर झाली की हुबेहूब नावाचं खोटं खातं निघतं आणि "तुम्ही जिंकलात, कुरिअरचे 99 रुपये पाठवा" असे मेसेज सुटतात. 30 नोव्हेंबरची मुदत भाच्याने सुचवली. दिवाळीनंतर इकडची निम्मी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. चोवीस तासांत या म्हटलं तर ती माणसं बादच झाली.

पंधरा तारखेला रात्री वहीत नावं उतरवली. कॉमेंट होत्या 214. दुबार काढून नोंदी राहिल्या 131. प्रत्येकीला क्रमांक दिला, एकाच वहीच्या पानांच्या सारख्या चिठ्ठ्या कापल्या, सारख्याच घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. सतराला दुकानात आलेल्या एका आजींनी चिठ्ठ्या काढल्या. भाच्याने वही उघडून प्रत्येक क्रमांकापुढचं नाव मोठ्याने वाचलं आणि सगळ्याचा व्हिडिओ केला.

दोघांनी दुसऱ्या दिवशीच कळवलं. तिसऱ्याचा पत्ता नव्हता. अनोळखी खात्यावरून गेलेला मेसेज इन्स्टाग्राम वेगळ्या "मेसेज रिक्वेस्ट" कप्प्यात टाकतं आणि बरेच जण तो कप्पा उघडतच नाहीत. राखीव नावाला कळवायची वेळ येत चालली होती. पण नाव पानावर लागलेलं होतं. त्याच्याच पाड्यातल्या एका पोरीने ते वाचून त्याला सांगितलं. तेवीस तारखेला संध्याकाळी तो आला, खातं उघडं धरलेला मोबाइल भाच्यापुढे केला आणि म्हणाला, "हा मीच." भाच्याने वहीतला क्रमांक जुळवला, सही घेतली आणि खोका पुढे केला. त्याने तिथेच खोका फोडून झाकण, रिंग आणि शिट्टी पाहिली, मग पुन्हा नीट भरून पिशवीत ठेवला.