मंजूर रजेतील दूरध्वनी

जावळी तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक रजेवर गेला की दोघांचेही काम मागे राहिलेल्या एकट्यावर पडते, आणि रजेवरील शिक्षकाचा भ्रमणध्वनी वाजू लागतो. विचारणा बहुधा ठराविकच असते. पोषण आहाराच्या कोठीची किल्ली कोठे आहे, तांदळाची शिल्लक किती, अमुक नोंदवही कोणत्या कपाटात आहे? यांची उत्तरे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून, शिल्लक प्रत्यक्ष मोजून व दोघांनी सही करून ठेवली, तर निम्म्याहून अधिक विचारणा मुळातच टळतात.

ओटीपीची गोष्ट मात्र निराळी आहे. तो नोंदणी झालेल्या भ्रमणध्वनीवरच येतो आणि काही मिनिटांत निरुपयोगी होतो. यासाठी वेळ आधी ठरविणे एवढाच उपाय उरतो.

समजा, मेढ्याच्या एका शिक्षिकेची भावाच्या लग्नासाठी सोमवार ते शुक्रवार अशी रजा मंजूर झाली आहे. तिने शनिवारीच सहकारी गुरुजींना व केंद्रप्रमुखांना पुढीलप्रमाणे कळवावे: “सोमवार ते शुक्रवार मी मंजूर रजेवर आहे. शाळेचा कार्यभार गुरुजींकडे सोपविला आहे. रोज रात्री ८ ते ८.३० या वेळात मी दूरध्वनी घेईन. मुलास इजा झाल्यास केव्हाही करावा.” यात “शक्य तेव्हा बोलेन” असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. अशा शब्दांचा अर्थ ऐकणारा “आत्ताच” असा करतो.

तरीही मंगळवारी हळदीच्या वेळी माहितीचा तक्ता मागणारा दूरध्वनी आला, तर? तो न घेता लगेच दोन ओळी पाठवाव्यात: “नमस्कार साहेब. मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे. तक्त्याची माहिती गुरुजी देतील. अडल्यास रात्री ८ वाजता बोलू.” येथे क्षमायाचना लांबवू नये, ती लांबली की रजा घेतल्याचाच अपराध झाल्यासारखे वाटते. “एवढे एकदाच” म्हणून भरमांडवातून तक्ता भरून दिला, तर बुधवारी दुसरा येतोच. उलट रात्री आठला मात्र दूरध्वनी खरोखर सुरू हवा. गाव कोयनेच्या जलाशयाकडील, संपर्क न मिळणारे असेल, तर जेथे तो मिळतो तेथे जाण्याची वेळ धरूनच तास ठरवावा. एकदा ही वेळ चुकली की दिवसा पुन्हा घंटा वाजू लागते.

याला मर्यादाही आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि सेवेच्या निकडीपोटी सक्षम अधिकारी ती रद्दही करू शकतो. पण असा आदेश व “जरा एवढे बघा” असा दूरध्वनी यांत अंतर आहे. बोलावणे आल्यास ते लेखी देण्याची विनंती करावी. हे उद्धटपणाचे नव्हे. कामाच्या वेळेबाहेर दूरध्वनी न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्यास असावा, असे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये मात्र असा कायदा २०१७ पासून अमलात आहे.

परतल्यावर पहिल्या दिवशी किल्ली व शिल्लक पुन्हा मोजून घ्यावी, आणि त्या कागदावर दोघांनी पुन्हा सही करावी.