नोट्समधलं उणे चिन्ह

हुबळीच्या दाजीबानपेठेत घरात मराठी आणि दुकानाच्या काउंटरवर कन्नड, असं दोन्ही सहज चालतं. मुलं वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात, पण दहावीची परीक्षा बहुतेकांची एकच, कर्नाटक मंडळाची. आता उजळणीसाठी मोबाइलवरच्या एआयला ‘दहावी विज्ञान, प्रकाश, मराठीत नोट्स’ असं सांगितलं की मिनिटभरात दोन पानं तयार होतात. भाषा स्वच्छ असते, मुद्दे ठळक असतात. या पानांवरून अभ्यास करायला माझी हरकत नाही. ती पुस्तकाशी ताडून न पाहता पाठ करायला मात्र आहे, कारण त्यांतल्या चुका नुसतं वाचून दिसत नाहीत.

पहिली अडचण सीमाभागाची आहे. मराठीतून ‘दहावी विज्ञान’ म्हटलं की इंटरनेटवर सापडणारा मजकूर मुख्यतः महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकाभोवतीचा असतो, आणि यंत्र अशाच मजकुरावर वाढलेलं असतं. कर्नाटकचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मात्र एनसीईआरटीच्या पुस्तकावर बेतलेलं आहे. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. एनसीईआरटीच्या मांडणीत तो नववीत येतो. हा फरक मुलांच्या चटकन लक्षात येतो, ‘हे आम्हाला नाही’ म्हणून ती तो भाग सोडून देतात.

उलट बाजूचा फरक लक्षात येत नाही. बालभारतीत आरशांचा भाग नववीत होऊन गेलेला असतो, म्हणून दहावीत अपवर्तन आणि भिंगं एवढंच उरतं. एनसीईआरटीच्या दहावीच्या प्रकाशाच्या धड्यात मात्र गोलीय आरसे, त्यांचं सूत्र, त्यांच्या किरणाकृती आणि त्यावरची उदाहरणं असा मोठा भाग आहे. महाराष्ट्राच्या वळणाने लिहिलेल्या नोट्समध्ये आरसेच नसतील, आणि तरी त्या वाचताना काही सुटलंय असं वाटणार नाही. जे पानावर नाही ते पान वाचून कसं कळणार?

म्हणून तपासणीची सुरुवात नोट्सपासून करू नये. नोट्स बाजूला ठेवून पुस्तक उघडावं. धड्यातली सगळी उपशीर्षकं, तक्ते, आकृत्या आणि सोडवलेली उदाहरणं एका कागदावर ओळीने उतरवावीत. मग ती यादी घेऊन नोट्समध्ये एकेक गोष्ट शोधावी. सापडली की खूण करावी, नाही सापडली की पुस्तकाचा पान क्रमांक लिहावा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते करताना धडाही एकदा डोळ्यांखालून जातो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, ती सूत्रांच्या चिन्हांची. आपल्या पुस्तकात कार्टेशियन चिन्ह संकेत वापरतात. भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून अंतरं मोजायची, प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेची अंतरं धन, उलट दिशेची ऋण. वस्तू नेहमी डावीकडे ठेवतात म्हणून u ऋण. या संकेतात भिंगाचं सूत्र असं येतं:

1/v − 1/u = 1/f

ब्रिटिश वळणाच्या बऱ्याच पुस्तकांत दुसरा संकेत होता, वास्तव अंतर धन आणि आभासी अंतर ऋण. त्यात सूत्र 1/v + 1/u = 1/f असं होतं. दोन्ही संकेत आपापल्या जागी बरोबर आहेत. यंत्राने दोन्ही प्रकारचं लेखन वाचलेलं असतं, त्यामुळे नियम एका संकेताचे आणि सूत्र दुसऱ्याचं अशी सरमिसळ होऊ शकते. शिवाय अधिक चिन्हाचं तेच सूत्र आपल्या पुस्तकात आरशासाठी छापलेलं आहे, म्हणून ते ओळखीचं वाटतं आणि शंका येत नाही.

ही चूक पकडायची खात्रीची रीत अशी: पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, उत्तर झाकायचं आणि ते नोट्समधल्या सूत्राने सोडवायचं. पुस्तकात एक उदाहरण आहे. अंतर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर, प्रतिमा भिंगापासून १० सेंटिमीटरवर, तर वस्तू कुठे? पुस्तकाचं उत्तर उणे ३० सेंटिमीटर. आता अधिक चिन्हाच्या सूत्रात f = −15 आणि v = −10 घाला. 1/u = −1/15 + 1/10 = 1/30, म्हणजे u = +30. आकडा तोच आला! घाईतला विद्यार्थी ‘तीस आलं, बरोबर’ म्हणून पुढे जाईल. पण याच आकड्यांवरून विशालन काढलं तर v/u = −1/3 येतं, म्हणजे प्रतिमा उलटी. अंतर्वक्र भिंग वास्तव वस्तूची प्रतिमा कधीच उलटी देत नाही. पुस्तकात विशालन +१/३ आहे.

म्हणून एका उदाहरणावर थांबू नये. लगेच पुढचं उदाहरण बहिर्वक्र भिंगाचं आहे. नाभीय अंतर १० सेंटिमीटर, २ सेंटिमीटर उंचीची वस्तू भिंगापासून १५ सेंटिमीटरवर. योग्य सूत्राने 1/v = 1/10 − 1/15 = 1/30. प्रतिमा पलीकडे ३० सेंटिमीटरवर, दुप्पट उंच आणि उलटी. सरमिसळ झालेल्या सूत्राने 1/v = 1/10 + 1/15 = 1/6, म्हणजे प्रतिमा ६ सेंटिमीटरवर. इथे चूक उघडी पडते, कारण वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्यामध्ये असेल तर प्रतिमा दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पुढे पडायला हवी. पुस्तकातल्या प्रतिमांच्या तक्त्यात हे लिहिलेलं असतं. विशालनाच्या सूत्रांचीही अशीच परीक्षा घ्यावी: आरशासाठी m = −v/u आणि भिंगासाठी m = v/u. या दोन्हींची अदलाबदल होणं सोपं आहे.

तिसऱ्या प्रकारची चूक वाक्यात असते आणि ती कानाला बरोबर वाटते. ‘घन माध्यम म्हणजे ज्याची घनता जास्त’ हे वाक्य घ्या. पुस्तकातल्या अपवर्तनांकांच्या तक्त्यात पाण्यासमोर १.३३ आणि रॉकेलसमोर १.४४ आहे. रॉकेल पाण्यावर तरंगतं, तरी प्रकाशाच्या दृष्टीने तेच अधिक घन माध्यम आहे, कारण त्यात प्रकाशाचा वेग पाण्यातल्यापेक्षा कमी असतो. वस्तुमानाची घनता इथे मोजायचीच नसते. अशी व्याख्यावजा वाक्यं शब्दाला शब्द लावून पुस्तकाशी ताडावीत आणि व्याख्येला तक्त्यातलं एखादं उदाहरण लागू पडतं का ते पाहावं.

पुष्कळ मुलं याऐवजी यंत्रालाच विचारतात, ‘हे बरोबर आहे ना?’ याला तपासणी म्हणता येत नाही. तुमचं पुस्तक त्याच्यासमोर नसतं, त्यामुळे बरोबर असलेलं वाक्यसुद्धा ते माफी मागून बदलू शकतं. धड्याच्या पानांचे फोटो देऊन त्यावरूनच नोट्स मागितल्या तर अभ्यासक्रमाची गल्लत बरीच कमी होते. तरीही फोटोतलं बारीक उणे चिन्ह किंवा घातांक चुकीचा वाचला जाऊ शकतो, म्हणून वरची दोन्ही उदाहरणं तेव्हाही सोडवून पाहावीत. पुस्तकातच छपाईची चूक असल्याचा संशय आला तर शाळेतल्या सरांना किंवा बाईंना ते पान दाखवावं.

किरणाकृती मात्र नोट्सवरून शिकूच नयेत. शब्दांत वर्णन केलेली आकृती कागदावर उतरवताना बाणाची दिशा, किरण नाभीतून जातो की प्रकाशीय केंद्रातून, आभासी किरण तुटक रेषेने दाखवला का, हे सगळं निसटतं. आकृती पुस्तकातूनच पट्टीने काढावी, नोट्सच्या त्या जागी फक्त पान क्रमांक लिहून ठेवावा.