गणित एकच, आकडे प्रत्येकाचे वेगळे

चक्रवाढ व्याजाचे गणित गृहपाठाला दिले की एका वहीतले उत्तर संध्याकाळपर्यंत वर्गभर फिरते. रीत सगळ्यांना तीच ठेवून आकडे मात्र प्रत्येकाला वेगळे दिले, तर नुसते उत्तर उतरवून भागत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे सहज जमते.

बहुतेकांना आधी `RANDBETWEEN` आठवते. अडचण अशी की शीटमध्ये कुठेही काही बदलले की हे सूत्र नवे आकडे काढते. प्रश्न छापून झाल्यावर शीट उघडली, तर उत्तरे भलत्याच आकड्यांची निघतात. त्यापेक्षा आकडे हजेरी क्रमांकावरूनच काढावेत. क्रमांक बदलत नाही, म्हणून आकडेही बदलत नाहीत.

क्रमांक A2 मध्ये आहे असे धरू. मुद्दल B2 मध्ये, दर C2 मध्ये आणि दोन वर्षांचे चक्रवाढ व्याज D2 मध्ये:

```
B2: =5000+500*MOD(A2*7,13)
C2: =6+MOD(A2*3,5)
D2: =ROUND(B2*(1+C2/100)^2-B2,2)
```

`MOD` म्हणजे भागाकारातली बाकी. पहिल्या क्रमांकासाठी ७ ला १३ ने भागून बाकी ७ उरते, म्हणून मुद्दल ८,५०० रुपये, दर ९ टक्के, व्याज १,५९८.८५ रुपये. दुसऱ्याला ५,५०० रुपये आणि ७ टक्के मिळतात, व्याज ७९६.९५. सातने आणि तीनने गुणल्यामुळे शेजारच्या क्रमांकांचे आकडे ओळीने वाढत जात नाहीत.

खरी मेख १३ आणि ५ या भाजकांत आहे. दोघांत १ खेरीज सामाईक विभाजक नाही, त्यामुळे १ ते ६५ क्रमांकांना मुद्दल-दराची एकही जोडी पुन्हा येत नाही. त्याऐवजी १२ आणि ४ घेतले असते, तर तेराव्याला पहिल्याचेच गणित मिळाले असते. जोड्या वेगळ्या असल्या तरी उत्तरे योगायोगाने जुळू शकतात, म्हणून `COUNTIF` ने D स्तंभ तपासावा. वरच्या सूत्रांत पासष्टही उत्तरे वेगळी येतात.

आणखी एक स्तंभ जोडला की तपासणीत त्याचा उपयोग होतो:

```
E2: =B2*C2*2/100
```

हे सरळव्याज. पहिल्या क्रमांकाने १,५३० लिहिले, तर त्याने व्याजावरचे व्याज धरले नाही हे लगेच कळते. दुसऱ्याने १,५९८.८५ लिहिले, तर ते कोणाच्या वहीतून आले तेही D स्तंभात सापडते.

एक उणीव मात्र राहते. १० टक्के दर आलेल्याची आकडेमोड ९ टक्केवाल्यापेक्षा सोपी होते. म्हणून कॅल्क्युलेटर वापरू द्यावा, नाहीतर गुण आकडेमोडीपेक्षा पायऱ्यांना जास्त ठेवावेत. आणि मुलांना फक्त प्रश्न द्यावा, शीट नव्हे. D स्तंभात सगळ्यांची उत्तरे आहेत.