फुगलेल्या झाकणाची माफी

कैरीच्या लोणच्याच्या बाटलीचं झाकण मधोमध फुगलं असेल, उघडताना फस्स आवाज येत असेल आणि वर बारीक फेस दिसत असेल, तर आत यीस्टने काम सुरू केलंय असं समजावं. कैरीतली साखर खाऊन यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं. फोडींना पुरेसं पाणी सुटू न देता घाईने भरलं, मीठ कमी पडलं किंवा धुतलेल्या बाटल्या नीट सुकल्या नाहीत, तर त्याला वाव मिळतो. कैरीचा आंबटपणा बऱ्याच जिवाणूंना रोखतो. यीस्टला मात्र तो फारसा अडवत नाही.

घरगुती लोणच्याचा एखादा उद्योग धरून चालू. १४ मेला २४० बाटल्या भरल्या. जूनच्या सुरुवातीला दोन ग्राहकांनी फोटो पाठवले: झाकण फुगलेलं, तेल ओघळून लेबलवर आलेलं. अशा वेळी हात आपसूक माफीच्या मजकुराकडे जातो. पण त्याआधी एक काम करायला हवं. दोष नेमका कुठवर पोचलाय, ते ठरवायचं.

प्रत्येक घाण्यातल्या दोन-तीन बाटल्या नमुना म्हणून बाजूला ठेवायची सवय इथे उपयोगी पडते. १३, १४ आणि १५ मेच्या राखीव बाटल्या काढून पाहिल्या. १३ची ठणठणीत आहे, १४ची फुगली आहे, १५ची वरून ठीक दिसते. मात्र वहीत नोंद आहे की १४ आणि १५ला फोडी एकाच पिंपातल्या होत्या. मग १५चा मालही परत घ्यायलाच हवा, कारण दोष बाटलीतल्या ओलाव्याचा की पिंपातल्या कमी मिठाचा, हे अजून कळलेलं नाही. इथे कंजूषपणा केला, तर पंधरा दिवसांनी दुसरं निवेदन काढावं लागतं, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

हद्द ठरली की निवेदन फार लांब लागत नाही:

“आमच्या कैरी लोणच्याच्या घाणा क्रमांक क-१४०५ आणि क-१५०५ मधल्या बाटल्या कृपया खाऊ नका. क-१४०५ मध्ये आंबण्याची क्रिया सुरू झाली आहे. क-१५०५ मध्ये अजून तसं दिसलेलं नाही, पण फोडी त्याच पिंपातल्या होत्या. चूक आमच्याकडून झाली आहे, त्याबद्दल माफी मागतो. क्रमांक लेबलच्या खालच्या कडेला आहे. फुगलेली बाटली उघडू नका, चव घेऊन पाहू नका. लेबलवर पेनने फुली मारून फोटो पाठवा आणि बाटली पिशवीत बांधून टाकून द्या, किंवा घेतली त्या दुकानात द्या. बिल लागणार नाही. पूर्ण पैसे हवेत की बदली बाटली, ते तुम्ही सांगा. पैसे तीन दिवसांत मिळतील. बदली बाटली नव्या घाण्यातली असेल आणि २० जूननंतर मिळेल. कुणी हे लोणचं खाऊन आजारी पडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि आम्हाला फोन करा.”

“काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास” असं यात कुठेही नाही, आणि ते नसावंच. गैरसोय झाली आहे. फुलीचा फोटोही विचार करून मागितला आहे. गळकी बाटली कुरिअरने मागवली तर वाटेत फुटते आणि खर्च लोणच्याच्या किमतीइतका होतो. फुली मारलेल्या लेबलवर दुसऱ्यांदा पैसे मागता येत नाहीत. बिलाचा आग्रह धरला, तर प्रदर्शनातून रोखीने घेतलेला माणूस बाटली गुपचूप कचऱ्यात टाकतो किंवा, त्याहून वाईट, खाऊन संपवतो.

निवेदन ग्राहकांपुरतं ठेवूनही चालत नाही. असुरक्षित अन्न बाजारातून मागे घेणं आणि ते प्राधिकरणाला कळवणं ही २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार उत्पादकाची जबाबदारी आहे. त्यामुळे अन्न व औषध प्रशासनालाही कळवायचं. दुकानदारांना आधी फोन करायचा, कारण फळीवरचा माल त्याच क्षणी उतरायला हवा. मग लेखी मजकूर.

आता सगळ्यात चिकट काम, हिशोब. १४ मेच्या २४० बाटल्यांपैकी १० घरातच होत्या. ९० दोन दुकानांत गेल्या, त्यातल्या ५२ न विकलेल्या परत आल्या. ११० फोनवरच्या ऑर्डरींत गेल्या. त्या घरांचे क्रमांक वहीत आहेत, म्हणून निवेदनावर न थांबता प्रत्येकाला फोन जातो. ३० प्रदर्शनात विकल्या गेल्या. त्यांचे मालक कोण, हे कुणालाच माहीत नाही. त्यांच्यासाठी प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाकडे मजकूर द्यायचा आणि दोन्ही दुकानांच्या गल्ल्याजवळ छापील कागद लावायचा. लेबलवरची वापरायची मुदत संपेपर्यंत तो कागद काढायचा नाही.