इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि केटीएस रुग्णालय त्याला जोडलं गेलं. तोवर अंगात आम्ल साचलेला मधुमेही पेशंट म्हटलं की नागपूरची वाट धरायची, हाच शिरस्ता होता. आजही देवरी-चिचगडकडच्या किंवा सालेकशाच्या जंगलपट्ट्यातल्या पेशंटला जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला वेळ लागतोच. पण तो पोचल्यावर पहिल्या बारा तासांत काय होतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, वॉर्डातल्या बोलीत ‘डीकेए’, हा आजार इन्सुलिनच्या अभावाने होतो. त्यामुळे ‘लावा इन्सुलिन’ हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं. उपचारातला खरा धोका मात्र पोटॅशियममध्ये आहे.

शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात आणि चरबी जाळायला लागतात. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. साखर लघवीवाटे जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. पेशीतलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं आणि तिथून लघवीत वाहून जातं. म्हणूनच पहिल्या रिपोर्टात पोटॅशियम व्यवस्थित, कधी जास्तही दिसतं, पण आतलं कोठार रिकामं झालेलं असतं. किलोमागे साधारण ३ ते ५ मिलिइक्विव्हलंट इतकी ही तूट असते. इन्सुलिन दिलं की रक्तात उरलेलं पोटॅशियमही पेशीत शिरतं. आधीच कमी असताना हे झालं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. पेशंट डीकेएने नव्हे, उपचाराने दगावू शकतो.

एक पेशंट डोळ्यांपुढे आणू. ही एकच कुणी व्यक्ती नव्हे. अशा पेशंटांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. वय १९, वजन ५० किलो, टाइप वन मधुमेह. दोन दिवस ताप आणि उलट्या. घरच्यांनी सांगितलं, ‘पोरगी जेवतच नव्हती, मग सुई कशाला टोचायची?’ डीकेए होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. पोटात दुखतंय म्हणून आधी अपेंडिक्सचा संशय आला. ग्रामीण रुग्णालयात साखर ४८६ निघाली, तिथे एक लिटर नॉर्मल सलाईन गेलं आणि १०८ बोलावली गेली. आयसीयूत आली तेव्हा श्वास खोल आणि भराभर चालला होता, जीभ कोरडी, नाडी १२८. रक्ताचा पीएच ७.०८, बायकार्बोनेट ७. आणि पोटॅशियम ३.१.

या शेवटच्या आकड्याने सगळा क्रम बदलला. पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवायचं. साखर ४८६ असताना इन्सुलिन न देणं नातेवाइकांना पटत नाही, नव्या डॉक्टरचाही हात शिवशिवतो. पण साखर उतरायला आधी सलाईनच पुरेशी मदत करते. सिस्टरनी कॅथेटर टाकला, युरोबॅगेत लघवी येते आहे याची खात्री केली. लघवीच होत नसेल तर पोटॅशियम देणंही धोक्याचं ठरतं. मग दर ५०० मिलीच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची एक अँप्यूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हलंट, घालून बाटली नीट हलवून तासाभरात सोडली. अशा दोन बाटल्या गेल्या. इतक्या वेगाने द्यायचं तर ईसीजी मॉनिटर लावलेलाच हवा. हे औषध थेट शिरेत कधीही ढकलायचं नसतं.

दोन तासांनी पोटॅशियम ३.६ झालं आणि इन्सुलिन सुरू झालं. दर किलोमागे तासाला ०.१ युनिट, म्हणजे तिला ५ युनिट. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. रेग्युलर इन्सुलिनची कुपी अनेकदा ४० युनिट प्रति मिलीची असते, पेनचं कार्ट्रिज १०० चं. ५० युनिट हवे तर कुपीतून १.२५ मिली घ्यायचं आणि सलाईन घालून ५० मिली करायचं. मग १ मिलीत १ युनिट होतं आणि सिरिंज पंप ५ वर ठेवायचा. १०० च्या इन्सुलिनला ४० ची सिरिंज लावली तर डोस अडीचपट होतो. म्हणून दोन सिस्टरनी मोजून, लेबलावर दोघींनी सही करायची. शिवाय इन्सुलिन नळीच्या आतल्या बाजूला चिकटतं, त्यामुळे मिश्रणाचे पहिले २० मिली नळीतून सोडून द्यायचे आणि मगच पेशंटला जोडायचं. हे टाळलं की पहिल्या तासात साखर हलत नाही आणि कुणीतरी उगाच डोस वाढवतं.

पंप नसेल तर? ५०० मिली सलाईनमध्ये ५० युनिट घालून मायक्रोड्रिप सेटने द्यायचं. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून तासाला जितके मिली तितके मिनिटाला थेंब. ५ युनिट म्हणजे मिनिटाला ५० थेंब. घड्याळ लावून मोजायला लागतात, आणि हात वाकला की थेंब मंदावतात. एका सिस्टरकडे पंधरा पेशंट असतील तर हे कसं जमायचं, हा प्रश्न औषधाचा नाही, मनुष्यबळाचा आहे, आणि माझ्या मते प्रोटोकॉल लिहिणारे तो सोयीने विसरतात.

पुढचे तास चार्टवर चालतात. साखर, नाडी, बीपी, श्वास, शुद्ध, आत गेलेलं पाणी, बाहेर आलेली लघवी हे सगळं दर तासाला. पोटॅशियम सुरुवातीला दर दोन तासांनी. साखर तासाला साधारण ५० ते ७० ने उतरावी. तिची साखर २३८ वर आली तेव्हा सलाईनऐवजी डेक्स्ट्रोजयुक्त द्रव लागलं आणि इन्सुलिन निम्म्यावर आलं. इन्सुलिन बंद करायचं नसतं, कारण साखर उतरली तरी कीटोन अजून असतात. डेक्स्ट्रोज लावतात ते इन्सुलिन चालू ठेवता यावं म्हणूनच.

नेमकी इथेच चूक होते. बाटली बदलते, ड्यूटी बदलते, आणि नव्या बाटलीत अँप्यूल घालायची राहून जाते. दोन तासांनी पोटॅशियम ३.० निघतं. त्याआधी खूण मॉनिटरवर दिसते: टी लहर चपटी होते, तिच्यामागे यू लहर उमटते. पेशंट म्हणते, पाय जड झालेत. मग इन्सुलिन पुन्हा थांबवून पोटॅशियम आधी भरावं लागतं. हँडओव्हरमध्ये ‘डीकेए, ड्रिप चालू’ एवढं न सांगता कुठल्या बाटलीत किती पोटॅशियम आहे, शेवटचा आकडा किती वाजता आला आणि पुढचा नमुना कधी, हे बोलायला हवं.

डोकं दुखतंय, पेशंटला गुंगी येतेय, नाडी मंदावली, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरला लगेच बोलवावं. लहान मुलांत हे जास्त घडतं. लघवीच्या पट्टीवर मात्र फार विसंबू नये. ती डीकेएतला मुख्य कीटोन ओळखतच नाही. उपचार लागू पडू लागले की उलट तिचा रंग काही काळ गडद होऊ शकतो. सुधारणा कळते ती पीएच ७.३, बायकार्बोनेट १८ आणि खाणंपिणं सुरू होणं यावरून.

मग ड्रिप काढायची वेळ येते. लांब पल्ल्याचं इन्सुलिन त्वचेखाली द्यायचं आणि ड्रिप त्यानंतर एक-दोन तास चालू ठेवायची. शिरेतलं इन्सुलिन काही मिनिटांतच संपतं, त्यामुळे आधी ड्रिप काढून मग सुई दिली तर कीटोन पुन्हा वाढतात. पुढच्या तपासणीला एक गोष्ट पूर्व विदर्भात जास्त लक्षात ठेवायची. इथे सिकलसेल असलेले बरेच लोक आहेत आणि त्यांच्यात एचबीएवनसी हा तीन महिन्यांचा आकडा खोटा निघू शकतो. अशा पेशंटने ग्लुकोमीटरच्या नोंदींची वही सोबत आणावी.