लायसनवरची तारीख

संध्याकाळी सात-साडेसातला अमरावतीत राजापेठ ते बडनेरा रोड असा चक्कर मारला, की हॉटेलांच्या दारात मोबाईलवर नजर लावून उभी असलेली पोरं दिसतात. पाठीवर चौकोनी बॅग आणि खाली चालूच ठेवलेली गाडी. अकोल्यात गोरक्षण रोडलाही हेच चित्र आहे. यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘पुढं काहीतरी पक्कं पाहिजे’ हे असतं. कोर्ससाठी पैसे साठले की बघू, म्हणून ते थांबतात. पण ज्याला गाडी चालवता येते आणि गाडीवरच पोट भरायचं आहे, त्याच्या वाटेत पैशाच्या आधी तारीख आडवी येते. ती असते लायसनवरची.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ७ नुसार, हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे कारचं लायसन किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसनच मिळत नाही. ट्रक आणि बस त्यातच येतात. दुचाकीचं लायसन पाच वर्षं जुनं असलं, तरी या हिशेबात ते शून्य. म्हणजे डिलिव्हरीवर तीन वर्षं घासूनही ज्यानं कारचं लायसन काढलं नाही, त्याचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. ‘माह्याकडे कार नाही, मंग आताच लायसन कायले काढू?’ या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. कार चालवायची नसली, तरी ते वर्ष मोजायला लागावं म्हणून काढायचं. हे वर्ष काही न करता सरतं आणि तेवढ्या काळात डिलिव्हरी चालू ठेवता येते.

हिशेब समजून घ्यायला बडनेऱ्याचा एक पोरगा धरू. वय २२, दहावी पास, हातात दुचाकीचं लायसन. खालचे आकडे मानलेले आहेत, ज्यानं त्यानं आपले घालावेत. दिवसाला ८०० रुपये आणि महिन्याला २६ दिवस काम, म्हणजे हातात येतात २०,८००. रोज ११० किलोमीटर फिरणं झालं, गाडी लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याचे साधारण ६,७०० पेट्रोलमध्येच जातात. महिन्याचं फिरणं २,८०० किलोमीटरच्या पुढं, म्हणजे ऑइल जवळपास दर महिन्याला बदलायचं. त्यात ब्रेक, चेन, पंक्चर मिळून १,८०० आणि मोबाईलचे ३००. उरले १२,०००.

बहुतेक जण हिशेब इथंच थांबवतात आणि फसतात. वर्षाला ३४,००० किलोमीटर पळणारी गाडी दोन-तीन वर्षांत निकामी होते. तिचे महिन्याला १,००० बाजूला काढले नाहीत, तर आपण गाडी विकून खातोय हे कळतही नाही. ते काढले की खरी कमाई ११,०००. घरी ८,००० दिले तर शिल्लक ३,०००. आपल्या सगळ्या बेताचं भांडवल एवढंच.

हे ३,००० ठेवायचे कुठं? कंपनीचे पैसे आठवड्याला येत असतील, तर त्याच दिवशी ७०० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हटलं तर उरत नाही. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. आपल्याला पैसे सव्वा वर्षात लागणार, म्हणून बँकेची एक वर्षाची आवर्ती ठेव बरी. भिशीत नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि चालवणारा पळाला तर दाद मागायची कुणाकडं? कोर्सची तारीख ठरलेली असताना पैसा भिशीत अडकवू नये.

आता पायऱ्या बघू. पहिल्या महिन्यात कारचं शिकाऊ लायसन काढायचं. ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. सरकारी फी शेकड्यांत असते, मोठा खर्च शिकवणीचा. अमरावतीचा एमएच-२७ किंवा अकोल्याचा एमएच-३०, ज्या आरटीओत चाचणी असेल तिथं जाण्याआधी गाडी मागं घेणं आणि चढावर थांबवून पुन्हा उचलणं पक्कं करून जावं. दोन महिन्यांत हे लायसन हातात येतं आणि त्यावरच्या तारखेपासून वर्ष मोजायला लागतं.

या वर्षातही एक पायरी चढता येते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की कारचं लायसन असलेल्याला साडेसात हजार किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येतं. छोटा हत्ती आणि पिकअप त्यात बसतात. वयाची अट मात्र २० वर्षांची आहे. म्हणजे आपल्या पोराला दुचाकी घासण्याऐवजी एमआयडीसीतल्या एखाद्या दालमिलच्या किंवा किराणा ठोक व्यापाऱ्याच्या पिकअपवर महिनेवारी पगारावर बसता येईल. पगार फार नसेल, पण पेट्रोल आणि टायर मालकाचे. शिवाय माल भरलेल्या गाडीचा ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हे अंगात मुरतं. मोठ्या गाडीवर हीच सवय लागते.

वर्ष भरलं की अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन. या टप्प्यावर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो, फॉर्म ५. खरी फसवणूक इथंच होते. काही जण पैसे घेऊन न शिकवताच दाखला देतात आणि पोरगाही खूश होतो, की दिवस वाचले. शिक्षण पुरेसं आहे का हे ओळखायला एक माप आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले. त्यात मध्यम आणि अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला आहे. शाळा कुठलीही असो, पैसे भरण्याआधी विचारावं: प्रत्यक्ष स्टेअरिंग किती तास हातात देणार, गाडी कुठली आणि ती आज उभी आहे का? आठ दिवसांत ‘सगळं करून देतो’ म्हणणारा कागद देतो, हात देत नाही.

दिवसाला तास-सव्वा तासाचं हे शिक्षण सकाळी उरकता येतं. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी डिलिव्हरी चालूच राहते. म्हणजे कोर्समुळे कमाई फारशी बुडत नाही. ती बुडते कोर्स संपल्यावर.

कारण नव्या लायसनवाल्याच्या हातात कुणी लगेच बस देत नाही. एसटीच्या चालक भरतीत दहावी, अवजड वाहनाचं लायसन, बॅज, नजर आणि उंची याबरोबर अवजड वाहन चालवल्याचा अनुभव मागतात. किती वर्षांचा, ते जाहिरातीगणिक बदलतं. हा अनुभव ट्रकवरच मिळतो आणि सुरुवात बहुधा उस्तादाच्या शेजारी बसून होते. आधी क्लीनर, मग मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग, मग भरलेली गाडी. या दोन-तीन महिन्यांत हातात भत्त्यापुरतंच येतं. घरचे ८,००० मात्र थांबत नाहीत, आणि बरीच पोरं इथूनच परत बॅग पाठीवर घेतात. त्यांना लायसन मिळालेलं असतं, फक्त तीन महिने काढायला पैसे नसतात.

म्हणून बचत फीसाठी नसून या तीन महिन्यांसाठी आहे, असं धरावं. आपल्या पोराचं गणित पुरं करू. महिन्याला ३,००० प्रमाणे १५ महिन्यांत ४५,०००. कारचं शिक्षण आणि लायसन ६,०००, अवजडचं १२,०००, तपासणी आणि कागदपत्रं १,००० मानली, तर गेले १९,०००. उरलेल्या २६,००० मध्ये घरचे ८,००० तीन महिने देऊन २,००० हाताशी राहतात. हे २६,००० जमलेले नसतील, तर डिलिव्हरी सोडण्याची घाई करू नये. आधी लायसन काढून ठेवावं आणि ट्रकवर नंतर जावं. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात आला, की जिनिंगच्या ट्रकांना माणूस हवा असतो. ती वेळ साधता येते.

ट्रकवरचा पगार रोखीत घेतला आणि मालकानं काही लिहून दिलं नाही, तर वर्षभर गाडी चालवूनही कागदावर अनुभव नसतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून पगार खात्यात मागावा आणि सोडताना लेटरहेडवर गाडीचा नंबर, प्रकार आणि तारखांसह दाखला घ्यावा. पुढच्या भरतीत या कागदाची किंमत लायसनाइतकीच असते.

पुढं वाटा दोन-तीन आहेत. एसटीचे अमरावती आणि अकोला असे वेगळे विभाग आहेत. पण आता एसटीतलं प्रत्येक चालकाचं काम कायम नोकरीचं नसतं, कंत्राटावरही चालक घेतले जातात. त्यामुळे जाहिरात वाचताना नेमणूक महामंडळाची की ठेकेदाराची, हे आधी बघावं. दुसरी वाट अकोल्याजवळच्या गायगावची. तिथल्या इंधन डेपोतून पंपांना टँकर जातात. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करावी लागते. तीन दिवसच लागतात, पण ज्याच्याकडे ती नोंद आहे तोच टँकरवर बसू शकतो, म्हणून तिला भाव आहे. टँकर बहुधा वाहतूकदाराचा असतो, तेव्हा इथंही नेमणूक कुणाची ते विचारावं.

नोकरी पक्की आहे की नाही हे मालकाच्या शब्दावरून ठरवू नये. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पगारातून पीएफ कापला जात असेल, तर यूएएन नंबर मागून उमंग ॲपवर पासबुक उघडावं. पगारपत्रकावर कपात आहे पण पासबुकात जमा नाही, असं दोन महिने दिसलं, तर विचारायला उशीर करू नये. पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापनेला लागू असेल, तर ईएसआयचं कार्डही मिळायला हवं.

आणि एक तपासणी सगळ्याच्या आधी, पहिला रुपया भरण्यापूर्वी करायची. डोळे दाखवून यायचं. व्यावसायिक लायसनला वैद्यकीय दाखला लागतो आणि रंग ओळखण्यात दोष असेल तर तो कळतो इथंच. रात्रीच्या डिलिव्हरीत समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून सवयीनं दुर्लक्ष केलेलं असतं. दोष निघालाच, तर १९,००० खर्च करण्याआधी कळलेलं बरं. मग फिटरसारखी दुसरी वाट धरता येते, पण आयटीआयचा हा ट्रेड दोन वर्षांचा, त्याचा हिशेब वेगळा.

आपल्या बडनेऱ्याच्या पोराचं पूर्ण वेळापत्रक असं: दोन महिने कारचं लायसन, बारा महिने वाट, दोन महिने अवजड, मग साधारण एक वर्ष ट्रक. अडीच वर्षांच्या आत तो भरतीच्या रांगेत उभा असेल. यात वर्गात आणि स्टेअरिंगवर शिकण्याचे तास मोजून सत्तर-ऐंशी भरतात, बाकी सगळी वाट पाहणं. ते टाळता येत नाही, पण कधी सुरू करायचं हे त्याच्या हातात आहे. शिकाऊ लायसनचा अर्ज ऑर्डरच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात, हॉटेलच्या दारात उभ्या उभ्या, त्याच मोबाईलवरून भरता येतो.