वाचलेल्या तासांची ओळ

एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकले आणि त्याचा उपयोग कसा झाला हे खरेदीदाराच्या संमतीने छापले, की त्या वृत्तान्ताला व्यवसायात ‘केस स्टडी’ म्हणतात; मात्र तो सबंध वृत्तान्त फार थोडे लोक वाचतात आणि बहुतेकांच्या नजरेस पडते ती चित्राखालची एक ओळ, म्हणजे कॅप्शन, जिच्यात किती वेळ वाचला हे सांगितलेले असते. १९९६ साली सुरू झालेली झोहो आणि २०१० साली सुरू झालेली फ्रेशवर्क्स या दोन्ही कंपन्यांचा उगम चेन्नईशी जोडलेला असून, व्यवसायांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे शहर म्हणून चेन्नई आज ओळखले जात असल्याने, ही एक ओळ कशी लिहिली जाते हे पाहण्यासाठी तेथील उदाहरण घेणे सोयीचे ठरते.

वाहनांचे सुटे भाग बनवणारा अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना कल्पावा. त्याच्या हिशेब विभागाला दर महिन्याला खरेदीची नोंदवही ‘जीएसटीआर-२बी’शी ताडून पाहावी लागते. पुरवठादारांनी सरकारकडे दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारे हे विवरण पुढील महिन्याच्या १४ तारखेला मिळते आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यवसायाला सर्वसाधारणपणे २० तारखेपर्यंत कर भरायचा असतो, त्यामुळे ताळमेळाची सगळी धावपळ मधल्या सहा दिवसांत होते. जे बिल त्या विवरणात नाही त्यावरील कराची वजावट, म्हणजे खरेदीच्या वेळी दिलेला कर स्वतःच्या देण्यातून वळता करण्याची सवलत, त्या महिन्यात घेता येत नाही.

समजा, महिन्याला ९०० बिले येतात, हाताने एक बिल जुळवायला दोन मिनिटे लागतात आणि न जुळणाऱ्या १२० बिलांपैकी प्रत्येकाचा फोन करून, जुना कागद काढून छडा लावायला दहा मिनिटे जातात. पहिल्या कामाचे ३० तास आणि दुसऱ्याचे २०, असे एकूण ५० तास झाले. सॉफ्टवेअर आल्यावर जुळणी २० मिनिटांत होते, परंतु नोंदवही त्याला चालेल अशा स्वरूपात बसवायला दोन तास लागतात, आणि न जुळणाऱ्या बिलांचे २० तास जिथल्या तिथेच राहतात, कारण पुरवठादाराने बिल दाखवलेच नसेल तर कोणतेही यंत्र ते शोधून देऊ शकत नाही. नवी बेरीज २२ तास २० मिनिटे होते.

येथे एकाच आकडेमोडीतून दोन ओळी निघतात. ‘३० तासांचे काम २० मिनिटांत’ ही ओळ खोटी नाही, कारण जुळणीपुरती ती खरीच आहे आणि त्या हिशेबाने बचत सुमारे ९९ टक्के भरते. पण हिशेबनिसाच्या महिन्यातून प्रत्यक्षात गेलेला वेळ मोजला तर बचत २७ तास ४० मिनिटांची, म्हणजे सुमारे ५५ टक्के आहे. पहिली ओळ दिसायला देखणी खरी, तरी खरेदीदाराला उपयोगाची दुसरीच. वाचकानेही अशी ओळ पाहताना वेळ कामाच्या कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत मोजला आहे हे आधी पाहावे. ‘पूर्वीचा’ आकडा कुठून आला हा त्यानंतरचा प्रश्न आहे, कारण तो खरेदीनंतर आठवून सांगितलेला असेल तर जुने हाल थोडे वाढवून सांगितले जाण्याची शक्यता असते. सॉफ्टवेअर येण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत कामाच्या वेळा लिहून ठेवल्या असतील तरच तुलनेला आधार राहतो.

बिलक्रमांकाच्या लिखाणातील फरकामुळेही हिशेब बिघडतो. पुरवठादाराने ‘००४५/२४-२५’ लिहिले आणि कारखान्याच्या वहीत नुसते ‘४५’ असले, तर कच्च्या जुळणीत ते बिल न जुळणाऱ्यांत जाते, १२० चे २०० होतात आणि वाढलेल्या ८० बिलांना प्रत्येकी दहा मिनिटे धरल्यास १३ तासांहून अधिक वेळ, म्हणजे वाचलेल्या वेळाचा जवळजवळ निम्मा भाग, परत खर्च होतो.

संमतीचा भाग बहुधा घाईत उरकला जातो. हिशेब विभागातील ओळखीच्या माणसाचा होकार हा कंपनीचा होकार नसतो. सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने नेमकी ओळ, नेमका आकडा, बोधचिन्हाचा वापर आणि तो किती काळ चालेल हे लेखी मान्य करावे लागते, आणि नंतर ओळीतला एक शब्द बदलला तरी ती पुन्हा दाखवून घ्यावी लागते. शिवाय ग्राहक स्वतःपुरती संमती देऊ शकतो, त्याच्या पुरवठादारांच्या वतीने नाही. ताळमेळाच्या पडद्याचे चित्र छापताना पुरवठादारांची नावे झाकली जातात, पण शेजारच्या रकान्यातील जीएसटी क्रमांक अनेकदा तसाच राहतो. त्या १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याचा संकेतांक असतात, तमिळनाडूसाठी ३३, आणि पुढची दहा म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन; एकट्या मालकाच्या दुकानाच्या बाबतीत तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन असतो.